धाकटा गेला म्हणून रान थोरल्याचे होत नाही

शिरूर-दौंडकडच्या बैठकांत आम्हाला हमखास ऐकू येते, "खाते सामाईक आहे, धाकटा गेला, आता सारे थोरल्याचे." हे चूक आहे.

समजा, दोघा भावांनी निम्मे-निम्मे पैसे घालून 4 एकर ज्वारीचे रान घेतले. 'मागे राहील त्याची मालकी' असे खरेदीखतात स्पष्ट लिहिले असेल, तरच धाकट्याचा हिस्सा थोरल्याकडे जातो. असे खत कोण करतो? एरवी हिस्से वेगळेच असतात, फक्त मध्ये बांध पडलेला नसतो. धाकट्याने मृत्युपत्र केले नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने त्याचे 2 एकर आई, बायको, मुलगा आणि मुलगी यांना, प्रत्येकी 20 गुंठे. वडिलार्जित रानातही मागे राहणाऱ्याचा जुना हक्क 2005 साली संपला.

घात होतो चावडीवर. वारसाची वर्दी 3 महिन्यांत द्यायची असते. ती देताना लेकीचे नाव गाळतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. पण 'नुसती सही कर' म्हणत विधवेकडून हक्कसोडपत्र नोंदवून घेतले, की तो जातो. तो कागद सहीआधी तिला वाचून दाखवणारा माणूस भावकीबाहेरचा असावा.