ॲपचा कोर्स सोडला, तरी हप्ता का कापला जातो?

पालकांच्या गळ्यात कर्जासह कोर्स मारले जातात, या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ‘बायजूज’च्या प्रमुखांना समन्स बजावलं होतं. रिफंडची खरी गोम या कर्जातच आहे.

हप्ता म्हणजे फी नव्हे

समजा, वेरूळमधल्या एका कुटुंबाने ३६,००० रुपयांचा कोर्स १२ ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घेतला. अशा व्यवहारात अनेकदा वित्त कंपनी ॲपला पैसे आधीच देते आणि कुटुंब तिचं देणेकरी होतं. दोन महिन्यांत मुलाने ॲप उघडणं सोडलं, तर ६,००० रुपये वाया गेले असं वाटतं. प्रत्यक्षात ३०,००० रुपये अजून फेडायचे असतात.

ऑटोपे बंद केलं तर?

कर्ज संपत नाही. हप्ता थकतो, सिबिल स्कोअर घसरतो.

मग काय करायचं?

कोर्स रद्द करत असल्याचा ईमेल ॲप आणि वित्त कंपनी, दोघांनाही पाठवा. कर्ज बंद झाल्याचं पत्र मागा. नुसतं ‘रिफंड मंजूर’ पुरेसं नाही. डिजिटल कर्जातून दंडाविना बाहेर पडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान एक दिवस मिळतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचा खर्च भरावा लागतो. नेमकी मुदत करारात पाहा.

दाद मिळाली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही. आदेश जिल्हा ग्राहक आयोग देतो. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते. म्हणजे कंपनी बंगळुरूची असली, तरी वेरूळकरांना छत्रपती संभाजीनगर पुरतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही.