बीजकातील मराठी

म्हापसा, डिचोली, फोंडा येथील बाजारपेठांत मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेली बिले आता दृष्टीस पडतात. ज्या ग्राहकाच्या पैशातून व्यवहार होतो त्याला त्या व्यवहाराचा कागद वाचता यावा, या न्याय्य अपेक्षेची ही पूर्ती होय. परंतु अशी काही बिले आम्ही बारकाईने चाळली तेव्हा एक विपरीत प्रकार आढळला. दुकानाचे नाव, देवाचे स्मरण आणि 'धन्यवाद, पुन्हा या' एवढे मराठीत ठळक. आणि माल परत घेण्याची मुदत, हमीच्या अटी वगैरे ग्राहकाच्या हिताचा सगळा मजकूर मात्र तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत! उलट उत्साहाच्या भरात काहींनी बीजकाचा क्रमांक नि आकडेही देवनागरीत घातले आहेत. जे मराठीत हवे ते नाही आणि जे मुळात हलवू नये ते हलवले, अशी ही गत आहे.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमावलीतील ४६ वा नियम बीजकात कोणता तपशील असावा ते सांगतो. तो कोणत्या भाषेत असावा याविषयी तो मौन पाळतो. गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा सरकारी कामकाजापुरता आहे, दुकानदाराच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा मराठीला मज्जाव कोठेच नाही. मात्र या तपशिलातील काही भाग वाचण्यासाठी असतो आणि काही भाग जुळवण्यासाठी असतो. वाचायचा भाग खुशाल मराठीत न्यावा. जुळवायच्या भागाला हात लावू नये.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. म्हापशाच्या एका हार्डवेअर दुकानातून एका नोंदणीकृत ठेकेदाराने दहा पोती सिमेंट ३०० रुपये दराने आणि पाच किलो खिळे ८० रुपये दराने घेतले असे समजू. मालाची किंमत ३,४०० रुपये. दोन्ही वस्तूंवर १८ टक्के कर. सिमेंटचा २८ टक्के दर २२ सप्टेंबर २०२५ पासून उतरून तेथे आला आहे. कर झाला ६१२ रुपये, त्यात निम्मा केंद्राचा ३०६ आणि निम्मा राज्याचा ३०६. एकूण देणे ४,०१२ रुपये. या बिलावर 'सिमेंट' आणि 'खिळे' असे मराठीत लिहिले नि खाली इंग्रजी नाव दिले, तर कोणाचेच अडत नाही. कारण वस्तूची अधिकृत ओळख शेजारच्या `2523` आणि `7317` या एचएसएन संकेतांकांनी होते. 'केंद्रीय कर', 'राज्य कर', 'एकूण देय रक्कम' हे मथळेही दुहेरी असावेत. आपल्या चार हजारांतले सहाशे सरकारकडे जातात हे गिऱ्हाइकाला कळू द्यावे.

पण त्याच बिलाचा क्रमांक `GA/25-26/0147` असा असेल तर तो तसाच राहिला पाहिजे. क्रमांक सोळा चिन्हांच्या आत हवा, एका आर्थिक वर्षात त्याची पुनरुक्ती नको आणि अक्षरे व अंकांखेरीज त्यात आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते. मासिक विवरणपत्र भरणारा दुकानदार पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत हा क्रमांक पोर्टलवर चढवतो आणि १४ तारखेला तो ठेकेदाराच्या खरेदीच्या पत्रकात उमटतो. ठेकेदाराच्या हाती 'गो/२५-२६/०१४७' असे बिल असेल आणि त्याच्या कारकुनाने तेच वहीत उतरवले असेल, तर ताळा जुळत नाही. मग फोनाफोनी, शोधाशोध, आणि तोवर ६१२ रुपयांची वजावट लोंबकळत. दोन्ही पक्षांचे पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, तारीख, संकेतांक, दर आणि रकमा यांचे असेच आहे. मालाच्या बीजकाच्या तीन प्रतींवर मूळ, वाहतूकदाराची आणि विक्रेत्याची असे जे नियमातले इंग्रजी शेरे असतात, तेही तसेच ठेवून हवे तर खाली मराठी द्यावे.

देवनागरी अंकांचा मोह आम्हांलाही आहे. हे पत्र त्याच अंकांत छापले जाते. तरीही बीजकाच्या रकान्यांत ते नकोत असेच आम्ही म्हणू. वैधमापनशास्त्राच्या २००९ च्या कायद्याने गणनेसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप प्रमाण मानले आहे, आणि बीजक व कॅश मेमो त्या कायद्याच्या कक्षेत स्पष्टपणे येतात. शिवाय देवनागरी चार हा परक्या नजरेला इंग्रजी आठ वाटतो आणि आपला एक त्याला नऊ दिसतो. हुबळीच्या हिशेबनिसाने ४,०१२ चे काय वाचावे? मापांनाही तोच कायदा लागू आहे. खंडी आणि कुडव बोलण्यात राहोत, बिलात किलो, लिटर, मीटर आणि नग हेच हवेत. अक्षरी रक्कम मात्र निःशंक मराठीत लिहावी. नियमाने ती मागितलेलीच नाही, ती केवळ वहिवाट आहे. फक्त संगणकाने 'एकोणसाठ'च्या जागी हिंदी 'उनसठ' छापले नाही ना, एवढे पाहावे.

ग्राहकाचा पत्ता मराठीत लिहिण्यात आपल्याकडे एक खाच आहे. नोंदणी नसलेल्या ग्राहकाचा जो पत्ता बिलावर असेल तेच पुरवठ्याचे ठिकाण, असा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी तो पत्ता लिहिल्यासारखेच होते. दोडामार्गचा शेतकरी म्हापशात येऊन तोच माल घेऊन गेला आणि दुकानदाराने अगत्याने 'दोडामार्ग, महाराष्ट्र' असे लिहिले, तर ३०६ आणि ३०६ असे दोन कर न लागता ६१२ रुपयांचा एकच एकात्मिक कर लावावा लागतो. शेतकऱ्याच्या खिशाला फरक पडत नाही, पण दुकानदाराने चुकीच्या खात्यात कर भरलेला असतो. राज्याचे नाव आणि त्याचा संकेतांक यांना म्हणूनच शोभेचा मजकूर समजू नये.

आता तळाच्या बारीक अक्षरांकडे वळू. आमच्या मते खरी कसोटी तेथे आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलात मुदतच नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. म्हणजे ही मुदत ठरते त्या एका ओळीत, आणि ती ओळ गिऱ्हाइकाला वाचता येत नाही. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर मान डोलावण्याची वेळ १९६१ पूर्वी कचेऱ्यांत येई. ती दुकानाच्या फळीवर यावी हे खेदजनक आहे. ही अट प्रथम मराठीत, मोठ्या अक्षरात हवी आणि दोन्ही भाषांत तंतोतंत एक हवी. इंग्रजीत 'सात दिवस' आणि मराठीत नुसते 'माल परत घेतला जाणार नाही' असे बिल आम्ही पाहिले आहे. असा विक्रेता तंट्यात कोणत्या ओळीचा आधार घेणार?

हे सारे बदलायचे तर १ एप्रिलचा मुहूर्त सोयीचा, कारण क्रमांकांची नवी माला तेव्हाच सुरू होते. तत्पूर्वी छापखान्यातून किंवा दुकानातील छपाईयंत्रातून एक नमुना प्रत काढावी. काही यंत्रांत देवनागरीच्या वेलांट्या गळतात, जोडाक्षरे फुटतात. ती प्रत दोघांना वाचायला द्यावी : एक आपला हिशेबनीस आणि दुसरे, इंग्रजी न येणारे रोजचे गिऱ्हाईक.