120 की 250? आणि घड्याळात किती वाजले?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस,



समजा, बारा किलो वजनाच्या दोन वर्षांच्या पोराने दुपारी चार वाजता तापाच्या औषधाची 60 मिलिलिटरची अख्खी बाटली पिऊन टाकली. बाटलीवर ‘5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम’ असेल, तर पोटात 1440 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल गेलं, म्हणजे किलोमागे 120. ‘250 मिलिग्रॅम’ असेल, तर 3000, म्हणजे किलोमागे 250. एरवी एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 असतो. सहा वर्षांखालच्या निरोगी मुलाने एकदाच जास्त औषध घेतलं, तर किलोमागे 200 पासून पुढे धोका धरतात. मूल आजारी असेल, नीट जेवत नसेल किंवा डोस दोन दिवस वाढत गेला असेल, तर हा आकडा लावायचा नाही. त्याआधीच सावध व्हायचं. सांडलेलं औषधही प्यायलंच असं धरायचं. पहिली बाटली असेल तर घरी लक्ष ठेवून भागेल. दुसरी असेल तर दवाखाना गाठायलाच हवा. हा निर्णय ज्या आकड्यावर ठरतो, तो लेबलवर भिंगाने शोधावा लागतो. तो औषधाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापायला लावा.

आता वेळेचं. या औषधाचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथिओन त्याला निष्प्रभ करतं. जास्त डोसात हा साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उठतं. एन-ॲसिटिलसिस्टीन हे प्रतिविष तो साठा पुन्हा भरतं. आठ तासांच्या आत सुरू केलं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. त्यानंतर दर तासाला फायदा घटतो, तरी उशीर झाला म्हणून ते टाळायचं नाही.

फसवणूक अशी, की पहिल्या दिवशी मूल खेळत असतं. फार तर एखादी उलटी. यकृताच्या तपासण्या बिघडतात त्या साधारण दुसऱ्या दिवशी. त्यामुळे ‘बरं दिसतंय, घेऊन जा’ हे वाक्य इथे चालत नाही.

रक्तातली पातळी पाहायची ती प्यायल्यापासून चार तासांनी. त्याआधीचा आकडा धोका ठरवणाऱ्या तक्त्यावर मांडता येत नाही. आपल्या पोराची ती वेळ रात्री आठची. आठ तासांची मुदत बाराला संपते. तालुक्याहून नमुना जिल्ह्याला जाऊन अहवाल बाराच्या आत येणार नसेल, तर वाट न पाहता प्रतिविष लावावं. पातळी कमी निघाली तर बंद करता येतं.

पण लावायला ते कपाटात हवं. या पोराला 21 तासांच्या पूर्ण उपचारासाठी किलोमागे 300, म्हणजे 3600 मिलिग्रॅम लागतं. मिलिलिटरला 200 मिलिग्रॅम असलेल्या इंजेक्शनचे ते जेमतेम 18 मिलिलिटर. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निदान एवढा साठा कायम ठेवा, आणि तो संपला तर मागणी कोणी, किती दिवसांत करायची हे आदेशात लिहा.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ