२० पैकी ११ जिंकूनही तोटाच!

आयपीएल २०२५चा सीझन आठवा. संध्याकाळी सातला टॉस, साडेसातला पहिला बॉल. मधल्या अर्ध्या तासात शिरोड्यातल्या कट्ट्यावर कुणी वर बघायचंच नाही. प्लेइंग इलेव्हन जाहीर झाली की टीम बदल, कॅप्टन बदल, ४९ रुपये भर. मग अकरापर्यंत दर ओव्हरला पॉइंट्स. याच दिवसांत मुंबई विद्यापीठाच्या सेमिस्टर परीक्षा. पुस्तक समोर उघडं असायचं, पान मात्र तेच.

प्रत्येकाचं म्हणणं एकच, "माका क्रिकेट कळता." कळतं, मान्य. पण हिशोब करून बघूया.

सर्वांत साधी, दोघांचीच स्पर्धा घ्या. तुम्ही ५० भरले, समोरच्याने ५०. जमले १००. समजा अ‍ॅप १० रुपये स्वतःकडे ठेवून जिंकणाऱ्याला ९० देतं. अशा २० स्पर्धा खेळलात तर १००० रुपये गेले. निम्म्या, म्हणजे १० जिंकलात तर मिळाले ९००. ११ जिंकलात तर ९९०. म्हणजे समोरच्यापेक्षा जास्त वेळा जिंकूनही १० रुपये खिशातूनच गेले! फायदा १२व्या विजयाला सुरू होतो. आणि समोरचाही आकडेवारी चघळूनच बसलेला असतो.

मोठ्या स्पर्धांत तर हजारो, लाखो टीम असतात आणि बक्षिसातला मोठा वाटा वरच्या थोड्या नंबरांना जातो. त्या सीझनला ७४ सामने होते. दर सामन्याला एक ४९ची टीम लावली तरी ३६२६ रुपये. 'एका टीमने काय होतंय' म्हणत पाच लावल्या तर १८,१३०. एकेक रक्कम वडापाव-चहाएवढी, म्हणून टोचत नाही. यूपीआयचं स्टेटमेंट उघडून अ‍ॅपचं नाव सर्च करा आणि बेरीज मारा. आमच्या ग्रुपमध्ये हे केलं तेव्हा दोघांनी फोन उलटा ठेवला.

ऑक्टोबर २०२३मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने अशा अ‍ॅपवर दीड कोटी जिंकले. बातमी सगळीकडे फिरली. त्यांना निलंबित केलं, तीही बातमी झाली. त्याच स्पर्धेत हरलेल्यांची बातमी कुठून होणार?

मग ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला. संसदेत २१ तारखेला मंजूर, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूलाच ठेवला आणि दोन्हींवर बंदी घातली. मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. आमच्याकडे काहींना वाटलं, विषय संपला.

खरं तर इथूनच जास्त जपायला हवं. आता टेलिग्रामवर परदेशी बेटिंग साइटची लिंक येते. तिथे पैसे कंपनीच्या नावावर जात नाहीत, दर वेळी वेगळ्याच माणसाची यूपीआय आयडी येते. जिंकलेले काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा' म्हणतात. हे दिसलं की समजा, पैसे परत येणार नाहीत. खरा टॅक्स जिंकलेल्या रकमेतूनच कापला जातो, वेगळा भरून घेत नाहीत.

ती वेगळी माणसं कोण? बऱ्याचदा तुमच्या-माझ्यासारखीच. 'बँक खातं वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो' असं सांगून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतात. हरलेल्याला हे पैसे भरून काढायचा सोपा मार्ग वाटतो. पण फसलेल्या कुणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती गोठवली जातात. तक्रार दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या पोलिसांशी बोलत बसा. महाडीबीटीची स्कॉलरशिप त्याच खात्यात येत असेल तर तीही अडकली.

कायद्यातला फरक नीट बघा. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण अशा खेळासाठी पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खातं भाड्याने देणारा या दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो, एकही बेट न लावता.

कॉलेजमधल्या जनजागृतीच्या तासाला हे कुणी सांगत नाही. पाहुणे येतात, 'जुगार वाईट' म्हणतात, फोटो होतो, आपण मागच्या बाकावर रील बघतो. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःच्या स्टेटमेंटची बेरीज करायला लावा, आकडा कुणाला दाखवायचा नाही या अटीवर. आणि एखाद्या बँक मॅनेजरला बोलवून गोठवलेलं खातं सोडवायला काय काय लागतं तेवढंच विचारा.

तुमचं खातं आधीच कुणाकडे असेल तर आजच बँकेत जा, कार्ड बंद करा, लिहून द्या आणि पोच घ्या. घरी काय सांगायचं ते नंतर बघू, एसटीत बसल्यावर.