कानाचा दोष की इअरटिपचा?

गेल्या महिन्यात एक शिक्षक मोबाइलवरचा ऑडिओग्राम घेऊन आमच्याकडे आले. इअरबड्सच्या ॲपवर त्यांनी घरीच तपासणी केली होती. डाव्या कानाची पातळी २५० हर्ट्झला ४० डेसिबल, ५०० ला ३०, १००० आणि २००० ला १५, तर ४००० ला ४५. उजवा कान खालच्या स्वरांत उत्तम, ४००० ला मात्र ४०. डावीकडचा आलेख पाहून कोणालाही आधी मधल्या कानाची शंका यावी. पण टिंपॅनोग्राम नॉर्मल आला. बूथमध्ये २५० आणि ५०० हर्ट्झला १५ डेसिबलवर ऐकू आले, ४००० ला पुन्हा ४५ च.

दोष इअरटिपचा होता. ती कानात घट्ट बसली नाही की फटीतून खालचे स्वर निसटतात, वरचे फारसे निसटत नाहीत. ॲप मात्र नेहमीइतकाच आवाज पडद्यापाशी पोचतो आहे असे धरून चालते. मोठी टिप लावून त्यांना तीच तपासणी पुन्हा करायला सांगितली, तेव्हा २५० चा आकडा २० वर आला आणि ४००० चा जागेवर राहिला. टिप बदलल्यावर फक्त खालचे आकडे सुधारले, तर ती गळती समजावी. घरातल्या पंख्याची घरघरही खालच्याच स्वरांना झाकते, म्हणून तपासणी पंखा बंद करूनच करावी.

अशा आलेखावरून बनलेली ध्वनी-प्रोफाइल टिप तशीच सैल असेपर्यंत ठीक वाटते, कारण ती गळती भरून काढत असते. टिप नीट बसली की तोच वाढवलेला बास बोलण्यावर चढतो. प्रोफाइल कान आणि टिप या जोडीची असते. ती दुसऱ्या इअरबड्सवर उचलून नेऊ नये, आणि तिच्या आधारे श्रवणयंत्र तर मुळीच बसवू नये.

तरीही हे आलेख झटकून टाकणे मला चुकीचे वाटते. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्र-सुविधेला मान्यता दिली, ती सौम्य ते मध्यम ऱ्हास असलेल्या प्रौढांसाठी. या शिक्षकांचा ४००० चा ऱ्हास खराच होता, आणि तो ॲपनेच आधी दाखवला.

माझी खरी काळजी वेगळी आहे. घरच्या अशा तपासणीत बोन कंडक्शन नसते आणि सहसा मास्किंगही नसते. एक कान जवळपास निकामी असेल, तर त्या बाजूला दिलेला मोठा स्वर चांगल्या कानाला ऐकू येतो आणि आलेखावर वाईट कान आहे त्यापेक्षा बरा दिसतो. म्हणून दोन कानांत मोठा फरक दिसला, तर बूथमध्ये मास्किंगसह पुन्हा मोजावे. त्याआधी एवढे विचारावे, की हा फरक कधीपासून जाणवतो. उत्तर ‘चार दिवसांपूर्वी उठलो तेव्हापासून’ असे आले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे, कारण अचानक आलेल्या बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त होतो.