पीएफ ट्रान्सफरमधून कंपनीची सही गेली, पण एक तारीख अजून अडवते

नोकरी बदलली की UAN तोच राहतो, म्हणून पीएफही एकच आहे असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. प्रत्येक कंपनी त्या UAN खाली नवा मेंबर आयडी उघडते आणि पैसे त्या आयडीत पडतात. जुन्या आयडीतली रक्कम नव्यात आणायची असेल तर पीएफच्या मेंबर पोर्टलवर Online Services मध्ये जाऊन One Member – One EPF Account (Transfer Request) हा अर्ज करावा लागतो.

या अर्जाला आधी जुन्या किंवा नव्या कंपनीची मंजुरी लागायची. जानेवारी २०२५ मध्ये ईपीएफओने बहुतेक प्रकरणांत ती अट काढली. तुमचा UAN १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतर मिळालेला असेल आणि आधारशी जोडलेला असेल, तर कंपनीला मध्ये घ्यावं लागत नाही. UAN त्याआधीचा असेल तर सगळ्या मेंबर आयडींवर नाव, जन्मतारीख आणि लिंग सारखं असावं लागतं. मग एप्रिल २०२५ मध्ये आणखी एक टप्पा कमी झाला. जुन्या खात्याच्या कार्यालयाने मंजुरी दिली की रक्कम थेट नव्या खात्यात येते, दुसऱ्या कार्यालयाची वेगळी मंजुरी लागत नाही.

बदल चांगलेच आहेत. पण माझा अर्ज अडकला होता तो सहीमुळे नाही, नोकरी सोडल्याच्या तारखेमुळे.

जुन्या कंपनीत माझा शेवटचा दिवस होता शुक्रवार, १४ जून २०२४. सोमवारी १७ जूनला मी नव्या ठिकाणी रुजू. ऑगस्टमध्ये अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. कारण काय, तर दोन नोकऱ्यांचा कालावधी एकमेकांवर येतोय. मला वाटलं पोर्टलचा बग असेल (आमच्या धंद्यात पहिला संशय तिथेच जातो). मग View मध्ये Service History उघडून पाहिलं. जुन्या कंपनीसमोर DOE EPF या रकान्यात ३० जून होतं. पगाराचं काम बघणाऱ्याने महिन्याची शेवटची तारीख टाकून दिली होती. म्हणजे नोंदीप्रमाणे १७ ते ३० जून असे चौदा दिवस मी दोन्हीकडे कामाला!

तेव्हा एकदा भरलेली तारीख आपल्याला परस्पर बदलता येत नव्हती. Manage मधून जॉइंट डिक्लरेशन भरावं लागलं, सोबत रिलीव्हिंग लेटर जोडावं लागलं, आणि ते जुन्या कंपनीकडेच मंजुरीला गेलं. एचआरला चार मेल केले, दोन फोन केले, तेव्हा तारीख सुधारली. दुसरा अर्ज मंजूर झाला.

मे २०२५ मध्ये ईपीएफओने आपल्या कार्यालयांना सांगितलं, की फक्त कालावधी एकमेकांवर येतोय म्हणून ट्रान्सफर फेटाळू नका. आज माझा अर्ज कदाचित पहिल्याच फटक्यात गेला असता. पण DOE रकाना रिकामाच असेल तर या सूचनेचा उपयोग नाही, कारण मग नोंदीप्रमाणे तुम्ही अजून जुन्याच नोकरीत आहात. अशा वेळी शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिने थांबा आणि Manage मधल्या Mark Exit मधून आधार ओटीपीने तारीख स्वतः भरा. भरताना रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा. चुकली तर परत जॉइंट डिक्लरेशन.

पैसे आल्यावर मला दुसरा धक्का बसला. जुन्या कंपनीत माझा बेसिक १५,००० होता. माझ्याकडून महिना १,८०० कापले जायचे. कंपनीही १,८०० भरायची, पण त्यातले १,२५० पेन्शनला जायचे आणि ५५० पीएफला. म्हणजे पीएफमध्ये महिना २,३५०, तीस महिन्यांचे ७०,५०० आणि वर व्याज. नव्या पासबुकात ही रक्कम नीट दिसली, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. ३७,५०० रुपये गेले कुठे?

कुठेच गेले नव्हते. पेन्शनचा पैसा एका आयडीतून दुसऱ्यात जात नाही, तो पेन्शन फंडातच राहतो. नव्या आयडीला जोडली जाते ती फक्त तुमच्या नोकरीची मुदत, कारण पेन्शन ठरते ती मुदत आणि पगार यांवरून. त्यामुळे तिथे रुपये शोधू नका, अ‍ॅनेक्शर के बघा. त्यात जुन्या नोकरीचा कालावधी बरोबर आलाय का, ते तपासा. तारखेची चूक ट्रान्सफरमधून निसटली तरी इथे मात्र टिकून राहते.

एक अपवाद. जुन्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर तुमची रक्कम ईपीएफओकडे नसून त्या ट्रस्टकडे असते. मोठ्या कंपन्यांत हे बऱ्याचदा असतं. ओळखायची खूण सोपी आहे: त्या आयडीचं पासबुक ईपीएफओच्या साइटवर दिसत नाही. अशा ठिकाणी वरची सूट गृहीत धरू नका, कंपनी सोडायच्या आधीच एचआरकडून ट्रस्टचा ईमेल घेऊन ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप परत दिला की ते पत्ते शोधणं अवघड जातं.