उमेदवार ठरलेल्या पगारापेक्षा जास्त मागतो, तेव्हा जुन्या माणसांचं काय?

मालवण किनाऱ्यावरच्या हॉटेल-रिसॉर्टवाल्यांना दर सप्टेंबरात एकच काळजी असते. पावसाळ्यात बंद असलेली बोटिंग आणि स्कूबा पुन्हा सुरू होणार, दिवाळीची बुकिंग येऊ लागणार, आणि स्वयंपाकघरात एक चांगला माणूस कमी आहे. शोधायला गेलं की माणूस मिळतो तो गोव्यातून. तो आकडा सांगतो आणि मालकाने ठरवलेली मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

हे आता वारंवार का होतं, याचं कारण नकाशात आहे. सिंधुदुर्गातली मुलं नोकरीसाठी गोव्यात जातात, ही गोष्ट जुनीच. मात्र जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि गोव्याचा रोजगार सावंतवाडी-दोडामार्गच्या अगदी दारात आला. त्यामुळे तारकर्ली, देवबाग, वायरीतल्या रिसॉर्टची स्पर्धा आता शेजारच्या रिसॉर्टशी नाही. ती गोव्याच्या पगाराशी आहे.

जास्त मागणाऱ्याला ‘हो’ म्हणावं, तर आठ वर्षं टिकलेली माणसं दुखावतात. ‘नाही’ म्हणावं, तर सीझन हातचा जातो. या दोहोंमध्ये एक वाट आहे, पण ती हिशेबातून जाते. एक उदाहरण घेऊन पाहू. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, हिशेबाची रीत मात्र कुठेही लागू होईल.

मागणी फोडून पाहा

तारकर्लीतल्या एका मध्यम रिसॉर्टमध्ये अनुभवी कुकसाठी महिना ३०,००० ते ३८,००० रुपये अशी मर्यादा मालकाने मंजूर केली आहे. सध्या दोन कुक आहेत. आठ वर्षं काम करणाऱ्या ताईंना ३६,००० मिळतात आणि चार वर्षांच्या दादांना ३३,०००. नवा उमेदवार मूळचा दोडामार्गचा, गोव्यात सहा वर्षं काढलेला. तो ४६,००० मागतो.

इथे बहुतेक व्यवस्थापक लगेच घासाघीस सुरू करतात : ‘चाळीसला जमतंय का?’ त्यात एक चूक होते. समोरच्याचा आकडा कशाचा बनला आहे, हेच कळत नाही. आधी सरळ विचारावं : ‘तुम्ही ४६ म्हणता, त्यात काय काय धरलंय?’

आपल्या उमेदवाराचं उत्तर असं निघतं. गोव्यात हातात पगार ३५,०००. सर्व्हिस चार्जचा वाटा सरासरी ३,०००. राहायला हॉटेलची खोली, तिचं भाडं बाहेर ५,००० पडलं असतं. म्हणजे आज त्याला ४३,००० चं पडतं. त्यावर ३,००० ची वाढ हवी, म्हणून ४६.

आता चित्र बदललं. मर्यादेपेक्षा ८,००० जास्त वाटणाऱ्या मागणीतले ५,००० राहण्याचे आहेत आणि ३,००० सीझनच्या कमाईचे. मूळ पगारात त्याला वाढ हवी ती फक्त तीन हजारांची. खोलीचे पैसे पगारात मिसळले, तर ते कायमचे होतात. शिवाय घरून येणाऱ्या ताईंच्या पगाराशी त्यांची तुलना होते, जी खरं तर होऊच शकत नाही.

प्रस्ताव देण्याआधी जुन्यांचा पगार तपासा

दुसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. नव्या माणसाला सहा वर्षांचा अनुभव आहे. आपल्याकडच्या चार वर्षांच्या कुकला ३३,००० आणि आठ वर्षांच्या कुकला ३६,००० मिळतात. त्या मापाने याला साधारण ३४,५०० बसतात. पण तो आजच ३५,००० घेतो. याचा अर्थ तो फार मागतो असा नाही. बाजार पुढे गेला आणि आपली माणसं मागे राहिली, असा आहे.

सरकारी नोकरीतल्या घरांना हा फरक ओळखीचा असेल. वेतननिश्चितीत कनिष्ठाचा पगार ज्येष्ठापेक्षा वर गेला, तर ठरावीक अटींवर ज्येष्ठाचा पगार कनिष्ठाच्या पातळीपर्यंत आणता येतो. पण कनिष्ठाला स्वतःच्या वेगळ्या कारणाने आगाऊ वेतनवाढ मिळाली असेल, तर तो आधार चालत नाही. खासगी धंद्यालाही हीच कसोटी लावता येते. फरक नव्या माणसाच्या दाखवता येण्याजोग्या कौशल्यामुळे असेल, तर तो जुन्यांना समजावून सांगावा. फरक बाजार बदलल्यामुळे असेल, तर जुन्यांचा पगार दुरुस्त करावा.

यात कायद्याचाही भाग आहे. आपल्या उदाहरणात जुन्या कुक ताई आहेत आणि नवा उमेदवार पुरुष. काम सारखं किंवा सारख्याच स्वरूपाचं असेल, तर स्त्री-पुरुष म्हणून वेतनात भेद करता येत नाही. हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. बरोबरी साधण्यासाठी कुणाचा पगार कमी करायलाही मनाई आहे. ‘तो गोव्यातून आला म्हणून’ हे दहा हजारांच्या फरकाचं कारण म्हणून टिकवणं अवघड जाईल.

प्रस्ताव कसा बांधावा?

उमेदवाराला मूळ पगार ३७,००० द्यावा, म्हणजे मर्यादेच्या आत. खोली रिसॉर्टने द्यावी किंवा ५,००० भाडं थेट घरमालकाला भरावं. नियम मात्र सगळ्यांसाठी असावा : ज्याला रोज घरून ये-जा करता येत नाही, त्याची राहण्याची सोय. उद्या देवगडहून कुणी आलं तरी तोच नियम.

सर्व्हिस चार्जच्या जागी सीझनचं बक्षीस ठेवावं, वर्षाला २४,०००. ते तिन्ही कुकना सारखं. अट मोजता येईल अशी हवी : दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी या तिन्ही गर्दीत हजर राहणं आणि ३१ मेपर्यंत टिकणं. रक्कम जूनमध्ये द्यावी, कारण पावसाळ्यात हात आखडलेला असतो तेव्हाच ती उपयोगी पडते. त्याशिवाय नव्या माणसाला बस्तान हलवण्याचे एकदाच १८,०००. निम्मे रुजू होताना, निम्मे सहा महिन्यांनी.

पहिल्या वर्षी त्याला सगळं धरून ५,४६,००० पडतात, म्हणजे महिना ४५,५००. त्याने मागितले होते ४६,०००. पुढच्या वर्षी हलण्याचे पैसे नसतील, हे त्याला आजच सांगावं.

त्याच वेळी ताईंचा पगार ३८,००० आणि दादांचा ३५,००० करावा. दोघांची वाढ वर्षाला ४८,००० आणि दोघांचं सीझनचं बक्षीस ४८,०००. रिसॉर्टवर एकूण नवा भार ६,४२,०००. भविष्यनिर्वाह निधीसारखे खर्च यात धरलेले नाहीत, ते वेगळे मोजावेत.

‘कुणाला सांगू नका’ हा मार्ग महाग का?

आता दुसरी वाट पाहा. सरळ ४६,००० द्यायचे आणि गुपचूप बसायचं. त्याचे वर्षाला ५,५२,०००. वरून हे स्वस्त दिसतं. पण देवबागात कुणाला किती मिळतात हे महिनाभरही लपत नाही. पगाराच्या दिवशी फोनवर आलेला बँकेचा मेसेज कुणीतरी पाहतंच. मग ऐकावं लागतं, ‘आमका आठ वर्सां झाली, आणि काल इललो माणूस धा हजार जास्त घेता?’

तेव्हा ताईंना थांबवायचं तर ४६,००० द्यावे लागतात, आणि दादांना अंतर राखून ४३,०००. ही दोन वाढींची रक्कम वर्षाला २,४०,०००. एकूण भार ७,९२,००० वर जातो, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा दीड लाख जास्त. तोही भांडणानंतर दिलेला, ज्याचं कुणाला समाधान नसतं. आणि डिसेंबरात ताई सोडून गेल्या, तर त्यांच्या हातची चव शोधत येणारं गिऱ्हाईकही जातं. ते या हिशेबात धरलेलंच नाही.

हुद्द्याचं नाव बदलून पगार लपवणं हीसुद्धा तीच वाट. ‘किचन हेड’ म्हणायचं आणि काम तेच करून घ्यायचं, हे स्वयंपाकघरातल्या माणसांना पहिल्याच आठवड्यात कळतं. ‘सहा महिन्यांनी बघू’ असं तोंडी आश्वासन त्याहून वाईट. सहा महिन्यांनी मेची गर्दी तोंडावर असते, आणि तेव्हा माणूस हातात आपला आकडा घेऊन उभा राहतो.

मर्यादा खरंच केव्हा ओलांडावी?

काम वेगळं असेल तेव्हा. नवा माणूस बेकरी उभी करणार असेल, किंवा माल खरेदी आणि ताटाचा खर्च काढण्याची जबाबदारी घेणार असेल, तर ती जागाच वेगळी. ती कामं लिहून काढावीत, त्यासाठी वेगळी मर्यादा ठरवावी आणि ती जागा आधी ताई-दादांना विचारावी. त्यांनी नको म्हटलं तर पुढचा फरक त्यांना खुपत नाही.

आणि जुन्यांच्या दुरुस्तीपुरते पैसे नसतील, तर नव्याला नकार द्यावा. फक्त नव्यापुरते पैसे आहेत, म्हणजे पैसे नाहीतच.

क्रमही महत्त्वाचा. उमेदवाराला पत्र देण्याआधी ताईंशी बोलावं : ‘नवीन माणूस घेतोय. बाजारभाव तपासला, तुमचा पगार या महिन्यापासून ३८ करतोय. सीझनचं बक्षीस तिघांना सारखं.’ नव्याचा आकडा सांगायची गरज नाही, नियम सांगितले की पुरे. हेच तो रुजू झाल्यावर सांगितलं, तर तीच वाढ तोंड बंद करण्यासाठी दिल्यासारखी वाटते.

या मार्गाची एक मर्यादा मान्य करायला हवी. ताई आता श्रेणीच्या टोकाला पोहोचल्या. पुढच्या वर्षी त्यांना वाढ द्यायला जागा नाही. म्हणून पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत, गोव्यातला आणि कुडाळ-मालवणातला भाव विचारून, ही श्रेणीच नव्याने ठरवावी लागेल. ते काम जुलैत झालं, तर सप्टेंबरात येणारा उमेदवार मर्यादेबाहेरचा वाटणार नाही.